सोमवार सकाळची बाटली

शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या लोकलची घाई होती, म्हणून अर्धी भरलेली तांब्याची बाटली टेबलावरच राहिली. सोमवारी सकाळी साडेनऊला जिने चढून धापा टाकत आले, समोर बाटली दिसली आणि विचार न करता दोन मोठे घोट घेतले. तिसरा घोट घशाखाली जाईना. जिभेच्या दोन्ही कडांना कडसर-तुरट, जुनं नाणं तोंडात धरल्यासारखी चव आली. पुढचा अर्धा तास पोटात नुसतं ढवळत होतं.

बाटली दिवाळीची भेट होती. आमच्या मजल्यावर त्या वर्षी सगळ्यांनाच मिळाली. बाहेरून ठोक्याठोक्यांची नक्षी, आत काय आहे ते कुणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी मोबाइलचा टॉर्च लावून आत डोकावले. तळाशी काळपट थर होता आणि गळ्याजवळ, आट्यांच्या खाली, हिरवट कड आली होती. आजी तिला कळक म्हणायची. पितळेच्या पातेल्यात ताक राहिलं की ते ‘कळकलं’ म्हणून ती सरळ ओतून द्यायची. तिच्या घरी हंडा, कळशी, तांब्या, घंगाळ सगळं तांब्याचं होतं, पण कधी कुणाला ढवळल्याचं ऐकलं नाही. मग माझ्याच बाटलीचं काय बिनसलं?

या प्रश्नापायी मी पुढचे काही महिने टेबलावर आलटून पालटून तांब्याची, स्टीलची आणि काचेची अशा तिन्ही बाटल्या वापरून पाहिल्या आणि जे वाचायला मिळेल ते वाचलं. बाटली कशाची घ्यावी हा प्रश्न मला आता अर्धवट वाटतो. ती कुठे ठेवणार, तिच्यात कुठलं पाणी भरणार आणि ते किती तास राहणार हे आधी विचारायला हवं. ऑफिसच्या टेबलाचं उत्तर घरच्या ओट्याहून वेगळं येतं.

तांब्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त श्रद्धा आणि सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. तांब्यातल्या पाण्याचा गुण ही भाकडकथा नाही. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन नेगेली यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच दाखवून दिलं होतं, की तांबं आणि चांदी यांचा अगदी नगण्य अंशही पाण्यातल्या सूक्ष्म जिवांना मारतो. आपल्याकडे बंगळुरूच्या एका आयुर्वेद संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी 2012 साली याचा नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. पिण्याच्या पाण्यात त्यांनी कॉलरा, विषमज्वर, आमांश यांचे जंतू मुद्दाम सोडले आणि ते पाणी तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलं. सोळा तासांनंतर त्यातून एकही जंतू वाढवून दाखवता आला नाही. पाण्यात उतरलेलं तांबं भरलं लिटरला सुमारे 0.18 मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 2 मिलिग्रॅम आहे, म्हणजे हे तिच्या अकराव्या हिश्शाइतकं. आजीचा तांब्या निर्दोष सुटला.

पण त्या प्रयोगातला ‘सोळा तास’ हा शब्द जाहिरातीत नसतो. संध्याकाळी सहाला भरलेलं पाणी सकाळी दहाला, एवढा तो वेळ आहे. आता ऑफिसचा दिवस पाहा. सकाळी साडेनऊला डिस्पेन्सरवर बाटली भरली, मीटिंगमध्ये निम्मी संपली, बाराला पुन्हा भरली, जेवणानंतर पुन्हा. लिटरभर पाणी टेबलावर फार तर दोन-तीन तास टिकतं. एवढ्या वेळात तांब्याचं काम जेमतेम सुरू होतं. शिवाय शहरातल्या बहुतेक ऑफिसांत डिस्पेन्सरचं पाणी आधीच गाळलेलं, शुद्ध केलेलं असतं. ज्या कामासाठी तांबं भरवशाचं, ते काम तिथे शिल्लकच नसतं. उरते ती तांब्याची निगा आणि तांब्याचा धोका.

धोका म्हटलं की लोक दचकतात, म्हणून नीट सांगते. तांबं शरीराला लागतं, मोठ्या माणसाला दिवसाला साधारण एक मिलिग्रॅम, आणि ते डाळी, तीळ, शेंगदाणे यांतून आपोआप मिळतं. पाण्यातून थोडं जास्त गेलं तर निरोगी माणसाचं यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकतं. ज्यांना विल्सनचा आजार आहे त्यांना ते टाकता येत नाही, त्यांनी तांब्याच्या वाटेला जाऊच नये. बाकीच्यांना पाण्यात तांबं फार झालं, की आधी चव सांगते आणि मग पोट सांगतं. मळमळ, पोटात कळ, कधी उलटी. ते पाणी बंद केलं की हे बहुधा लवकर निवळतं. माझ्या सोमवारी हेच झालं होतं.

आता खरा प्रश्न असा, की सोळा तासांत एवढंसं तांबं सोडणारं भांडं माझ्या बाटलीत एवढं उदार का झालं? एक कारण उघड आहे. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ म्हणजे त्रेसष्ट-चौसष्ट तास. पण नुसत्या तासांनी हिशेब पुरा होत नाही. दुसरं कारण पाण्यात आहे. बंगळुरूच्या प्रयोगातलं पाणी किंचित अल्कधर्मी होतं, पीएच साधारण 7.8. आमच्या डिस्पेन्सरला आरओ जोडलेलं आहे. आरओचं पाणी क्षार काढून घेतलेलं असतं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते बऱ्याचदा किंचित आम्लतेकडे झुकतं. पीएच साडेसहाच्या खाली गेला की पाणी तांबं जोमाने विरघळवू लागतं. विहिरीच्या, नदीच्या, नळाच्या पाण्यातले क्षार हा झुकाव सावरून धरतात. आरओच्या पाण्यात सावरणारं कुणी नसतं. आजीच्या हंड्यात विहिरीचं जड पाणी होतं, माझ्या बाटलीत भुकेलं पाणी.

तुमच्या डिस्पेन्सरचं पाणी कुठल्या जातीचं आहे ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात पीएच तपासायचे थेंब मिळतात. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, तीन-चार थेंब टाकायचे आणि रंग पट्टीशी जुळवायचा. आमच्या डिस्पेन्सरचं पाणी पिवळट झालं, म्हणजे साडेसहाच्या आसपास किंवा खाली. घरच्या नळाचं निळसर हिरवं झालं. हा फरक डोळ्यांनी पाहिल्यावर मला बाकी काही समजवावं लागलं नाही.

जाता जाता एक गोष्ट. तांब्यातलं पाणी ‘अल्कलाइन’ होतं असं खोक्यांवर छापलेलं असतं. त्याच प्रयोगात सोळा तासांनी पीएच 7.83 वरून 7.93 वर गेला. एवढा बदल पोटातल्या आम्लाला जाणवतही नाही.

तिसरं कारण बाटलीच्या आकारात आहे, आणि मला तेच सगळ्यात मजेदार वाटतं. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही ठोक्यांचा आवाज येतो. पत्र्यावर एकसारखे ठोके देत भांड्याला घाट आणायच्या त्या कामाला मठारकाम म्हणतात. तिथल्या जुन्या घाटांकडे नीट पाहा. तांब्या, कळशी, घंगाळ, प्रत्येकाचं तोंड असं, की बाईचा हात चिंचेच्या गोळ्यासकट आत जातो. ती भांडी रोज घासायचीच म्हणून घडवलेली होती. बाटली हा तांब्याचा नवा अवतार आहे आणि तिच्या गळ्यात दोन बोटंही धड शिरत नाहीत. आपण बाहेरून पितांबरी लावून ती आरशासारखी करतो आणि आत सहा महिन्यांची काजळी. एका दुकानदाराला मी हे बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, “ताई, बाटली दिसायला घेतात. पाणी प्यायला घ्यायचं तर तांब्या-भांडं घ्या.” विकणाराच असं म्हणाल्यावर मी काय बोलणार!

तरी तुमच्याकडे बाटली आहेच आणि ती वापरायचीच आहे, तर आठवड्यातून एकदा एवढं करा. अर्धी बाटली कोमट पाणी, त्यात चमचाभर लिंबूसत्व आणि चमचाभर मीठ. झाकण लावून दोन मिनिटं खळखळून हलवा, दहा मिनिटं ठेवा, पुन्हा हलवा. मग ते पाणी पांढऱ्या वाडग्यात ओतून पाहा. हिरवट-निळसर झाक दिसेल. ते विरघळलेलं तांबं आहे. तीन वेळा साध्या पाण्याने विसळा, उलटी ठेवून कोरडी करा आणि पहिली भरलेली बाटली झाडाला न घालता मोरीत ओता. आतला मंद तपकिरी-काळपट थर थोडा राहिला तरी बिघडत नाही. तो तांब्याचा ऑक्साइड आहे आणि खालच्या धातूला तो थोडा सांभाळतोही. हिरवा मात्र राहता कामा नये.

या कृतीतच एक इशाराही दडलेला आहे. दहा मिनिटांत लिंबू आणि मीठ एवढं तांबं ओढून काढतात, तर तांब्याच्या बाटलीत लिंबूपाणी, कोकम सरबत, ताक किंवा पाण्यात फसफसणारी जीवनसत्त्वाची गोळी टाकून दुपारभर टेबलावर ठेवणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पूर्वी आंबट पदार्थांच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कल्हई करायचे ती याचसाठी. कल्हईवाला नवसागर टाकून भांडं तापवायचा, कथलाची कांडी फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने तो थर पसरायचा. बाटलीला कल्हई करून काय उपयोग, तांबं पाण्याला लागणारच नाही.

हे काही बाटल्यांत कारखान्यातच होऊन येतं. आत पारदर्शक लाखेसारखा लेप असतो, म्हणून ती वर्षभर आतून लखलखीत राहते आणि घेणारा खूश होतो. कापसाच्या काडीवर लिंबू-मीठ घेऊन गळ्याच्या आत घासा. अर्ध्या मिनिटात तो ठिपका गुलाबी उजळला तर पाण्याला तांबं लागतंय. काहीच बदललं नाही तर तुम्ही लेपातलं पाणी पिताय. लोहचुंबकाने फारसं काही कळत नाही. चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे हे नक्की, पण न चिकटणं म्हणजे तांबंच असं नव्हे, ॲल्युमिनियमलाही तो चिकटत नाही.

सोमवारनंतर महिनाभर मी स्टीलवर आले. इकहेरी, रुंद तोंडाची, तुळशीबागेतून घेतलेली साधी बाटली. स्टीलबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही आणि हाच त्याचा मोठेपणा. त्यातलं क्रोमियम हवेशी संयोग पावून पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारी पातळ साय धरतं. ओरखडा गेला तरी ती साय पुन्हा धरते. म्हणून आरओचं पाणी असो, लिंबूपाणी असो, सुट्टीतलं शिळं पाणी असो, चवीत फरक पडत नाही. बुडाशी 304 किंवा 18/8 लिहिलेलं पाहून घ्यावं. म्हणजे अठरा टक्के क्रोमियम, आठ टक्के निकेल. बाजारात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं स्वस्त स्टीलही भरपूर आहे. ते विषारी वगैरे नाही, पण लवकर डागाळतं आणि त्याच्या जोडावर गंज दिसू लागतो. इथेही चुंबक दगा देतो, कारण ते स्वस्त स्टीलही चुंबकाला बहुधा धरत नाही. भंगारवाले मात्र फसत नाहीत. त्यांच्याकडे एक द्रव आणि नऊ व्होल्टची बॅटरी असते. थेंब टाकून बॅटरी टेकवली की मँगनीजवाल्या स्टीलवर लाल रंग येतो. ग्राहकाने एवढं करायला नको. पिण्याच्या पाण्याच्या धातूच्या बाटल्यांना आता IS 17803 हे भारतीय मानक आहे आणि 2023 साली केंद्र सरकारने त्यांच्यासाठी गुणवत्तेचा आदेशही काढला आहे. आयएसआयचा शिक्का बघितला तरी पुष्कळ झालं.

स्टीलची खरी दुखरी जागा स्टीलमध्ये नाहीच. ती झाकणात आहे. तिसऱ्या आठवड्यात माझ्या बाटलीला वास येऊ लागला. ओला पायपोस उन्हात न घालता गुंडाळून ठेवला तर जसा येतो तसा. मी बाटली घासली, व्हिनेगर घातलं, उन्हात ठेवली. वास जाईना. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी माझ्या हातून झाकण घेतलं, साडीची पिन काढून आतला रबरी वॉशर उचकटला आणि माझ्यापुढे धरला. खालची बाजू काळी बुळबुळीत होती. “हे कधी काढलंच नाहीत ना?” त्यांनी विचारलं. वॉशर निघतो हेच मला माहीत नव्हतं.

आपण तोंड लावून पितो, तेव्हा प्रत्येक घोटाबरोबर थोडी लाळ मागे जाते. दुपारच्या डब्यानंतर लाळेबरोबर बरंच काही जातं. वॉशरच्या खाचेत ओल कायम, उजेड नाही, वारा नाही. तिथे जंतू आणि बुरशी बुळबुळीत थर धरून बसतात आणि नुसत्या विसळण्याने तो थर हलत नाही. तांब्याच्या बाटलीची गोष्टही वेगळी नाही. तिच्या झाकणाचा वॉशर सिलिकॉनचा असतो, तिथवर तांब्याचा हात पोचतच नाही. म्हणजे जिथे जंतू सगळ्यात जास्त, तिथेच तांबं गैरहजर.

उपाय दोन मिनिटांचा आहे. शुक्रवारी घरी जाताना बाटली घेऊन जायची. वॉशर पिनेने किंवा चमच्याच्या दांड्याने काढायचा, वाटीभर गरम पाण्यात थोडा खाण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडवायचा, जुन्या टूथब्रशने घासायचा. झाकण, वॉशर, बाटली तिन्ही वेगळी सुकवायची. सोमवारी जोडायची. ब्लीच वापरू नका. त्यातलं क्लोरिन स्टीलची ती साय खातं आणि मग टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात, त्यातून गंज डोकावतो. बोअरवेलचं पाणी भरणाऱ्यांना आत पांढरा खरखरीत थर दिसतो, तो क्षारांचा आहे. व्हिनेगर घालून तासभर ठेवलं की सुटतो.

दुहेरी भिंतीची, मधे निर्वात पोकळी असलेली स्टीलची बाटली घ्यावी का? हे तुम्ही गार पाणी पिता की नाही यावर आहे. ऑफिसचा एसी 24 अंशांवर आहे आणि हवा पावसाळ्यातल्यासारखी दमट आहे असं धरू, साठ टक्के. अशा हवेतली वाफ 16 अंशांच्या आसपास थंड झालेल्या कुठल्याही पृष्ठभागावर थेंब होऊन बसते. डिस्पेन्सरच्या गार नळाचं पाणी 10 अंशांच्या जवळ असतं. इकहेरी स्टीलची बाटली त्याने भरली की पाच मिनिटांत घामाघूम. तांब्याची तर त्याहून लवकर, कारण उष्णता वाहून नेण्यात तांबं साध्या स्टीलच्या कितीतरी पट पुढे आहे. आमच्याकडे एकाच्या व्हाउचरच्या गठ्ठ्यावर असं गोल ओलं वर्तुळ उमटलं, शाई पसरली, आणि ऑडिटरसमोर ते वर्तुळ समजावून सांगावं लागलं. दुहेरी बाटलीची बाहेरची भिंत खोलीच्याच तापमानाला राहते, म्हणून तिला घाम नाही. बाटली जड आणि महाग, एवढाच तोटा. तिला बाहेरून घाम फुटू लागला किंवा गरम पाण्याने तिचं अंग कोमट लागलं, तर निर्वात पोकळी गेली असं समजा. ती दुरुस्त होत नाही. गार नळाऐवजी साध्या नळाचं पाणी पिणाऱ्याला हा सगळा खर्च अनावश्यक आहे.

काचेला मी सगळ्यात शेवटी आले, आणि खरं सांगायचं तर मनात थोडी धास्ती घेऊन. काचेला चव नाही, वास नाही, आम्लाची भीती नाही. तिचा सगळ्यात मोठा गुण तिन्हींत एकट्या तिच्याकडे आहे. ती लपवत नाही. आतला थर, तळाशी बसलेला गाळ, झाकणाची काळी कड, सगळं टेबलावर उघडं. तांब्याची बाटली काचेची असती तर माझा सोमवार टळला असता.

काचेचं वैर गरम पाण्याशी आहे, पडण्याशी तर आहेच. सकाळी गळा बसला म्हणून मी एसीत गार पडलेल्या बाटलीत डिस्पेन्सरच्या लाल नळाचं पाणी धरलं आणि बुडाशी टिच्चकन आवाज झाला. बारीक गोल रेघ. बाटली फुटली नाही, पण संपली. झालं असं, की काचेचा आतला थर तापून फुगला आणि बाहेरचा अजून गारच होता. काच उष्णता हळू वाहते, त्यामुळे दोघांची ओढाताण तिला सोसत नाही. मला वाटायचं जाड बुडाची काच मजबूत. या बाबतीत उलटं आहे. बूड जितकं जाड, तितका आतल्या-बाहेरच्या तापमानात फरक जास्त काळ राहतो आणि तडा तिथेच जातो. बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या सुमारे एक तृतीयांशच फुगते, म्हणून प्रयोगशाळेत आणि चहाच्या किटल्यांत तीच असते. जर्मनीतल्या येना गावच्या ओट्टो शॉट यांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बनवली. आपल्याकडे तळेगावच्या पैसा फंडाच्या कारखान्याने आणि कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीने स्वदेशीच्या काळात काच घरोघर नेली. प्रभाकर कंदील आठवणारे वाचक अजून असतील. कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब उडाला की ती तडकायची, ते हेच.

काचेची बाटली घ्यायचीच तर बोरोसिलिकेट असं लिहिलेली, सिलिकॉनचं जाकीट असलेली आणि रुंद तोंडाची घ्या. आतून तारेचा ब्रश फिरवू नका. त्याचे ओरखडे दिसत नाहीत, पण पुढचा तडा त्यांतूनच निघतो. बांबूचं झाकण दिसायला देखणं असतं, पण लाकूड ओल धरतं आणि आतून काळं पडतं. आणि खिडकीशी बसणाऱ्यांनी ती उन्हात ठेवू नये. दोन कारणं आहेत. एक, उजेड मिळाला की पाण्यात शेवाळ धरतं. दुसरं जरा नाट्यमय आहे: पाण्याने भरलेली गोल बाटली भिंगासारखी ऊन एका जागी गोळा करते, त्याने कागद जळाल्याच्या, आग लागल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. आमच्या कोपऱ्यातल्या टेबलावर मी दुपारी तीनला हे भिंग पाहिलं. पांढरा ठिपका फाइलवर हळूहळू सरकत होता. बोट धरलं, चटका बसला.

तर माझ्या टेबलावर आता इकहेरी, रुंद तोंडाची स्टीलची बाटली आहे. वजनाने हलकी, पडली तर पोचा येतो, लॅपटॉपच्या पिशवीत चालते. काचेची मी घरी पलंगाशेजारी ठेवते, तिथे तिला कुणी धक्का देत नाही. तांब्याचं पाणी मी सोडलेलं नाही. तांबट आळीतून एक तांब्या आणला, रात्री नळाचं पाणी भरते, सकाळी उठून एक भांडं पिते, उरलेलं कुंडीत. रोज हात घालून घासते. ज्याचं ऑफिस म्हणजे शेतावरची शेड किंवा साइटवरचा कंटेनर आहे आणि पाणी टँकरचं येतं, त्याचा हिशेब माझ्याहून वेगळा असेल. त्याला रात्रभर पाणी ठेवायला तांब्याचा मोठा हंडा खरंच उपयोगी पडेल, टेबलावरची बाटली मात्र त्यालाही नाही.

दिवाळीच्या त्या बाटल्या मजल्यावर अजून आहेत. अकाउंट्समधल्या काकांनी त्यांच्या बाटलीत मनी प्लांटची फांदी लावली, शोभा म्हणून. महिना झाला तरी पान वाढेना. उपटून पाहिलं तर मुळांची टोकं तपकिरी पडून आखडली होती. रोपवाटिकांत काही कुंड्यांना आतून तांब्याचं रसायन लावतात ते मुळांनी कडेने भेंडोळं घालू नये म्हणून. तांब्याला टेकलं की मूळ तिथेच थांबतं. मी तडा गेलेली माझी काचेची बाटली त्यांना दिली. रेघेतून अजून पाणी झिरपत नाही. परवा बघितलं तर त्यात पांढरी मुळं बोटभर उतरली होती.